नाकाचं ऑपरेशन केलं नाहीये, बाबांनो

"तुझा दहावीचा फोटो बघितला. नाकाचं कुठे करून घेतलंस? खरं सांग."

नाही केलं, आईशप्पथ. नाक तेच आहे, मोजलंत तर तेव्हापेक्षा थोडं लांबच भरेल. बदलली ती हनुवटी.

तेव्हा मला कुणी असं सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. मावसभावाच्या हळदीला फोटोग्राफर सगळ्यांसमोर ओरडला, "ए पोपट, सरळ बघ, नाकाची सावली नवरदेवावर पडतीय." अख्खा मांडव हसला. त्याचं काही नाही, पण बाबा पण हसले. मी जाऊन आचाऱ्याच्या पातेल्यांमागे बसलो, जेवायला पण उठलो नाही, आणि अल्बम आल्यावर ब्लेडने स्वतःचं तोंड कापून काढलं.

दातांच्या तारांसाठी जात होतो त्या डॉक्टर मॅडमनाच मग विचारलं, नाक कधी कापता येईल. त्या म्हणाल्या, मुलांचं नाक आधी वाढून घेतं, खालचा जबडा सगळ्यात मागून येतो, कधी कधी विशीपर्यंत रेंगाळतो, मुलींचं दोनेक वर्षं आधी आटपतं. म्हणजे मधल्या काळात नाक मोठ्या माणसाचं आणि हनुवटी पोराची. म्हणून सतरा-अठराच्या आत मुलांच्या नाकाला सहसा हात लावत नाहीत. मला वाटलं, गप्प बसवायला सांगतायत.

अठराव्या वर्षी त्यांनी पुन्हा बाजूने एक्स-रे काढला आणि पंधराव्या वर्षीच्या एक्स-रेचं ट्रेसिंग नव्यावर ठेवलं, कवटीच्या तळाची रेघ रेघेवर जुळवून. नाकाचं टोक जरासंच पुढे गेलेलं, हनुवटी मात्र चांगलीच पुढे आणि खाली. त्यानंतर गालांचा फुगीरपणा पण हळूहळू उतरला. आणि हो, तेव्हा मी स्वतःला सेल्फीतच बघायचो. फोन फूटभरावर धरला की नाक फुगतंच, पाच फुटांवरून दुसऱ्याने काढलेला फोटो बघा.

पण "थांब, आपोआप होईल" हे सगळ्यांना सांगू नका. माझ्या मित्राचा खालचा जबडा आधीच पुढे होता, त्याला हीच उशिराची वाढ नडली, दरवर्षी दात आणखी उलटे बसायला लागले. त्यालाही थांबायलाच सांगितलं होतं, पण वाढ संपली की ऑपरेशन करायचं म्हणून. सहा-सहा महिन्यांनी एक्स-रे जुळवून वाढ थांबल्याची खात्री केली आणि मग एकविसाव्या वर्षी केलं.

माझं नक्की कशाने निवळलं, हनुवटीने की कॉलेजात पोपट म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून, मला अजून ठरवता येत नाही. पंधरा वर्षांच्या मला हे सगळं ऐकवलं तर तो म्हणेल, तुझं वाढून झालंय म्हणून बोलतोयस. त्याचंही बरोबर आहे. तो भोक पडलेला फोटो आईने अजून अल्बममध्ये ठेवलाय, आणि पाहुणे आले की मी ते पान उलटू देत नाही.