‘५+२’ सूट असलेलं बिल शीटमध्ये तपासताना

आमचं दुकान सोलापुरात, टॉवेल-चादरींचं. खरेदीची बिलं मी लिहिते. ज्या कारखान्याकडून माल येतो तिथले लोक बिलाची फाइल कधीच देत नाहीत, कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतात. मागच्या महिन्यात अशाच एका बिलापायी माझे तीन दिवस गेले. तो राग अजून उतरलेला नाही, पण त्यातून जे हाती लागलं ते कामाचं आहे.

बिल चारच ओळींचं होतं. टर्किश टॉवेल ८४ नग, दर १४८. नॅपकिन २४० नग, दर २४. सिंगल चादर ३६ नग, दर ३१०. डबल चादर २४ नग, दर ४९०. सुटीच्या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘५+२’. खाली करपात्र रक्कम ३८,२७५.२७, सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी ९५६.८७, आणि एकूण ४०,१८९ रुपये.

फोटोवरून टेबल उचलायला मी मोबाइलमधल्या एक्सेलचं `Data from Picture` वापरते. टेबल येतं, पण त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. कागदाला घडी पडली होती, तिथल्या ३१० चे ३७० झाले. पहिल्या ओळीतल्या ११,५७४.१९ मध्ये स्वल्पविरामाआधी एक मोकळी जागा घुसली आणि तो आकडा शीटच्या लेखी आकडाच राहिला नाही, मजकूर झाला. `SUM` असा मजकूर मुकाट्याने वगळतो. बेरीज २६,७०१.०८ आली, म्हणजे बरोबर पहिल्या ओळीएवढी कमी. बेरजेत एखादी अख्खी ओळ गायब दिसली की त्या ओळीचा आकडा खोडून हाताने पुन्हा टाइप करायचा. शंका असेल तर `ISNUMBER` लावून बघायचं.

माझ्या शीटमध्ये बिलावर छापलेले आकडे एकीकडे आणि शीटने काढलेले दुसरीकडे असतात. छापील रकमेवर सूत्र कधीच लिहायचं नाही, नाहीतर तपासायला काही उरत नाही. B मध्ये नग, C मध्ये दर, D आणि E मध्ये सूट, F मध्ये कराचा दर, हे तिन्ही % चिन्ह लावून, G आणि H मध्ये छापील करपात्र रक्कम आणि छापील सीजीएसटी. पुढचे तीन रकाने शीटचे:

```
I2: =ROUND(B2*C2*(1-D2)*(1-E2),2)
J2: =ROUND(I2*F2/2,2)
K2: =ROUND(G2-I2,2)
```

हे आजचं, सुधारलेलं रूप. त्या दिवशी माझ्याकडे सुटीचा एकच रकाना होता आणि त्यात मी ७% लिहिलं होतं. ३७० चे ३१० केल्यावर त्या ओळीतला दोन हजारांच्या आसपासचा फरक गेला, पण चारही ओळींत थोडा थोडा फरक उरलाच. प्रत्येक ओळीत छापील रक्कम माझ्यापेक्षा जास्त.

कारखान्यात फोन केला. हिशेबाचं काम बघणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, सॉफ्टवेअरचं बिल आहे, चुकणार कसं?” मी विचारलं, “दादा, सूट सात टक्केच ना?” “हो, पाच आणि दोन, सातच की. संध्याकाळी फोन करा, साहेब सांगतील.” संध्याकाळी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, सात टक्के. इकडे आमचे मालक विचारत होते, पैसे सोडायचे की नाही. त्या मुलाने एकदा, फक्त एकदा, बिलावर बोट ठेवून आकडेमोड केली असती तर मला तिसरा दिवस लागला नसता.

तिसऱ्या दिवशी मी फरकाच्या रकान्याशेजारी नग गुणिले दर, म्हणजे सुटीआधीची रक्कम, काढून ठेवली:

```
12432   12.43
 5760    5.76
11160   11.16
11760   11.76
```

तिसरी ओळ बघताच लख्ख दिसलं. ११,१६० आणि ११.१६, तेच आकडे, फक्त दशांशचिन्ह तीन घरं सरकलेलं. चारही ओळींत फरक रकमेच्या नेमका हजाराव्या भागाएवढा. टायपिंगची चूक अशी सगळीकडे एकाच प्रमाणात येत नाही. असं प्रमाण दिसलं की टक्केवारी चुकली आहे असं समजायचं. हजारावा भाग म्हणजे ०.१ टक्का, आणि पाच टक्क्यांचे दोन टक्के म्हणजे तेवढेच. त्यांची सूट एकावर एक होती. आधी पाच टक्के जातात, मग उरलेल्या ९५ वर दोन टक्के. शंभराचे ९३.१० राहतात, ९३ नाही. सुटीचे दोन रकाने केले आणि K मध्ये चारही ओळींना शून्य आलं. ते चार शून्य बघून मला किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

मग कराच्या बेरजेत एक पैसा उरला. ३८,२७५.२७ वर अडीच टक्के काढले तर ९५६.८८ येतात, बिलावर ९५६.८७. ही चूक नाही. त्यांचं सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीचा कर पैशापर्यंत गोल करून मग बेरीज करतं. २८९.३५, १३४.०६, २५९.७५ आणि २७३.७१ मिळवले की ९५६.८७ होतात. म्हणून J मध्ये `ROUND` ओळीतच ठेवा आणि मग बेरीज करा. चार ओळींच्या बिलात एक-दोन पैशांचा फरक सोडून द्यावा, रुपयांत गेला तर शोधावा. वहीत मात्र छापील कर लिहा, स्वतःचा नाही, कारण जीएसटीआर-२बी मध्ये पुरवठादाराने भरलेलाच आकडा दिसतो.

आधी सांगायचं राहिलं: फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साधा पाठवला तर तो दाबला जातो आणि बारीक आकडे पुसट होतात. आणि कराचा दर ओळीगणिक वेगळा ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपये नगापर्यंतच्या चादर-टॉवेलांना ५ टक्के आहे, त्यावरच्या मालाला १८. एखादी भारी चादर त्याच बिलात आली तर सगळ्या ओळींना ५ लावून चालत नाही.

सगळं जुळल्यावर मी ऑर्डरची चिठ्ठी काढली, फाइलला लावायला. तिच्यावर डबल चादरीचा दर ४७५ होता. बिलात ४९०. शीटला हे कळणं शक्यच नव्हतं. तिच्यासाठी २४ गुणिले ४९० बरोबरच होतं, सूट बरोबर, कर बरोबर. नगामागे १५ रुपये, म्हणजे ३६०, सूट वजा जाता ३३५.१६ आणि करासह ३५१.९२. ज्या सुटीच्या फरकावर मी तीन दिवस डोकं घातलं तो चारही ओळींत मिळून ४१.११ होता.

या वेळी फोनवर कुणाला विचारलं नाही. चिठ्ठीचा फोटो आणि त्या एका ओळीची आकडेमोड पाठवली आणि क्रेडिट नोट मागितली. चार दिवसांनी आली, ३५१.९२ चीच. तीही घडी पडलेल्या कागदाचा फोटो होती, तरी मी ती शीटमध्ये घालून जुळवली. आता शीटमध्ये दराच्या शेजारी चिठ्ठीवरच्या दराचा एक रकाना आहे, आणि तो मी फोटो उघडण्याआधी भरते.