तिचा फोटो आधी छापला, मग पुसत बसलो

गावाचं नाव सांगत नाही, महिनाही सांगत नाही. तालुक्याचं ठिकाण, एक पोलीस ठाणं, गुरुवारचा आठवडी बाजार आणि मी एका जिल्हा दैनिकाचा तालुका प्रतिनिधी, एवढं पुरे. का सांगत नाही ते पुढे कळेलच.

मंगळवारी रात्री साडेनऊला पोलीस ठाण्याच्या पत्रकारांच्या ग्रुपवर प्रेसनोट पडली. बारावीतली मुलगी, वय सतरा पूर्ण, सकाळी क्लासला म्हणून गेली ती आली नाही. सोबत आधार कार्डावरून काढलेला असावा तसा फोटो, नेहमीच्या साच्यातलं वर्णन (उंची, बांधा, रंग, नाक, अंगात काय, पायात काय), वडिलांचा मोबाइल नंबर आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून कायदेशीर रखवालीतून पळवून नेले.

सगळा घोळ या वाक्यातून सुरू होतो. सज्ञान माणूस हरवला तर ठाण्यात 'मिसिंग'ची नोंद होते, गुन्हा नाही. अठराच्या आतलं कोणी हरवलं की मात्र थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तसा आदेश दिला आहे. पूर्वी भादंविचं ३६३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७(२) लागतं. मूल रागावून मावशीकडे गेलेलं असलं तरी सुरुवातीला कागदावर अपहरणच. हेतू चांगलाच आहे, नाहीतर पूर्वी 'येईल दोन दिवसांत' म्हणून आईबापांना परत पाठवायचे. पण वाचणाऱ्याला हे माहीत नसतं. 'फूस लावून पळवून नेले' वाचलं की त्याच्या डोळ्यांपुढे गाडी येते, टोळी येते.

मी ठाण्यात फोन लावला. ठाणे अंमलदार ओळखीचे. म्हटलं, "संशय कोणावर आहे का?" ते म्हणाले, "कसला संशय? पोरगी अठराच्या आत आहे म्हणून कलम लावलं. आईबाप म्हणतात घरी काहीतरी बोलणं झालं होतं."

बातमीत 'अपहरण' हा शब्द मी घातला नाही. 'मुलगी बेपत्ता, नियमानुसार गुन्हा दाखल' एवढंच. डेस्कवरून फोन आला, की इतर पेपर अपहरण म्हणताहेत, आपली बातमी मिळमिळीत वाटते. वाटू दे म्हटलं.

बुधवारी सकाळी वडील माझ्याकडे आले. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. त्यांनी स्वतःच एक मजकूर लिहून आणला होता: शोधून देणाऱ्यास पन्नास हजारांचं बक्षीस, खाली तीन मोबाइल नंबर. कागद घडी घालघालून मऊ पडला होता. मी त्यांना म्हटलं, "दादा, तुमचा नंबर नको, बक्षीस नको." त्यांना राग आला, आणि तो रास्तच होता. मग मी त्यांना एका आधीच्या प्रकरणाचं सांगितलं. एका बेपत्ता माणसाच्या मुलाचा नंबर आम्ही छापला होता. दुसऱ्याच दिवशी त्याला फोन आला, "तुमच्या वडिलांना अपघात झालाय, दवाखान्यात आहेत, आधी दहा हजार टाका." त्याने टाकले. वडील त्या दवाखान्यात नव्हतेच.

म्हणून नंबर फक्त पोलीस ठाण्याचा आणि ११२. अंगावरची एक खूण तपास अधिकाऱ्यांनी मुद्दामच बाहेर दिली नव्हती. कोणी 'मी तिला पाहिली' म्हणून फोन केला की तीच विचारायची. मला ती कळली होती, मीही लिहिली नाही.

बाकी काय घ्यायचं आणि काय गाळायचं यासाठी माझी एकच कसोटी असते: एसटीत शेजारच्या सीटवर ती बसली असेल, तर या माहितीवरून तिला ओळखता येईल का? चेहरा, कपडे, पाठीवरची सॅक, स्टँडवर शेवटची दिसल्याची वेळ यावरून येईल. वडील काय करतात, घर कोणत्या आळीत, घरात कशावरून वाजलं, यावरून नाही येणार. आडनावही गाळलं. आपल्याकडे आडनाव वाचलं की माणूस आधी जात लावतो, मग गोष्ट रचतो.

एवढं करूनही व्हायचं ते झालंच. एका स्थानिक चॅनेलने बुधवारी दुपारी टाकलं: 'तालुक्यात मुली पळवणारी टोळी?' शेवटी प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे त्यांच्या मते जबाबदारी संपली. संध्याकाळपर्यंत एका बाईच्या आवाजातला ऑडिओ फिरायला लागला. पांढरी गाडी, चार माणसं, तिसरी मुलगी. आमच्या घरच्या ग्रुपवर तो माझ्या सख्ख्या मावशीने टाकला.

गुरुवारी बाजारात चादरी विकणाऱ्या परगावच्या दोन माणसांना लोकांनी घेरलं. त्यांच्याकडे पांढरी गाडी होती, तेवढाच गुन्हा. मी पोचलो तेव्हा गठ्ठा सुटून चादरी मातीत पडल्या होत्या आणि त्यातला थोराड माणूस आधार कार्ड दोन्ही हातांनी वर धरून उभा होता. बीटचे दोन पोलीस जवळच होते म्हणून निभावलं. मला त्या वेळी धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८ ला तिथेही आठवडी बाजारच होता. मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, पण आमच्या मावशीला तेवढं भरपूर झालं.

अफवेचं खंडन लिहिणं ही वेगळीच कसरत असते. 'टोळी नाही' असं शीर्षक दिलं, तरी लोकांच्या डोक्यात टोळी राहते, नाही गळून पडतं. मी निरीक्षकांना एकच नेमका प्रश्न विचारला: या महिन्यात अल्पवयीन मुलं बेपत्ता झाल्याच्या किती तक्रारी आल्या? एकच, हीच. मग शीर्षक केलं, 'महिन्यात एकच तक्रार, शोध सुरू'. गाडीचा उल्लेख नाही, ऑडिओतल्या मजकुराचा नाही. बाजारातल्या प्रसंगाची बातमी वेगळी दिली आणि तिच्यात मुलीचा विषय आणला नाही, कारण दोन्ही एकत्र छापले असते तर दोन्हींचा संबंध आहे असंच लोकांनी धरलं असतं.

शुक्रवारी मुलीच्या आईचा फोन आला, वडिलांना न सांगता. वहीत चिठ्ठी सापडली होती. त्यांनी मला तिचा फोटो पाठवला. चिठ्ठीत काय होतं ते मी आजही लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की ती वाचल्यावर 'पळवून नेले' याला काही अर्थ उरला नव्हता, आणि छापली असती तर त्या दिवशी जिल्ह्यात सर्वांत जास्त वाचली गेलेली बातमी ती असती. मी म्हटलं, "ताई, हा फोटो मला नको, मी खोडतोय. मूळ चिठ्ठी तपास अधिकाऱ्यांना द्या, आजच." त्या म्हणाल्या, "यांना कळलं तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठाण्यातल्या महिला अंमलदाराचा नंबर दिला. संध्याकाळी चिठ्ठी पोचल्याचं समजलं.

तिच्या मोबाइलचं शेवटचं लोकेशनही कानावर आलं होतं. ते तर कधीच लिहू नये. ती कोणासोबत असली तर तो जागा बदलतो, आणि घरातल्याच कोणाला भिऊन गेली असली तर आपण त्यांना पत्ता देतो.

अकराव्या दिवशी मुलगी सापडली, दुसऱ्या जिल्ह्यात, सुखरूप. तिला बालकल्याण समितीपुढे हजर केलं, जबाब झाला आणि गुन्ह्यात कलमं वाढली. त्यात पोक्सो होतं.

आणि इथे माझी चूक उघडी पडली. अकरा दिवस तिचा चेहरा जितका दूर जाईल तितका बरा होता. पोक्सो लागल्यावर तोच चेहरा, तेच नाव छापणं हा गुन्हा होता. पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे तिची ओळख पटेल असं काहीही द्यायचं नाही, ना नाव, ना पत्ता, ना फोटो, ना शाळा, ना शेजार, आणि बातमीदारासोबत मालकही जबाबदार. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहेच. नव्या बातमीत नाव नाही दिलं म्हणून भागत नाही, कारण 'गेल्या आठवड्यात बेपत्ता झालेली मुलगी' असं लिहिलं की वाचणारा जुना फोटो उघडतो.

डेस्कवर सांगितलं, जुनं सगळं काढा. वरून उत्तर आलं, पोलिसांनीच दिलेला फोटो होता, आपण का घाबरायचं? तेव्हा मी कठुआ प्रकरणाचं सांगितलं. मुलीची ओळख उघड केली म्हणून २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख भरायला लावले होते. दहा लाख ऐकल्यावर तासाभरात माणूस बसवला.

काढायला बसल्यावर कळलं की एक बातमी किती ठिकाणी राहते. वेबसाइटवरून मजकूर गेला, पण फोटोची फाइल तिच्या स्वतंत्र पत्त्यावर तशीच उघडत होती. ती वेगळी उडवावी लागली. बातमीच्या लिंकमध्येच मुलीचं नाव होतं. फेसबुकवर लिंकखाली जुनंच चित्र दिसत होतं, ते त्यांच्या शेअरिंग डिबगरमध्ये लिंक टाकून ताजं करून घेतलं. गुगलच्या शोधात छोटा फोटो राहिला होता, त्यासाठी वेगळी विनंती. ई-पेपरचं अख्खं पान बदललं. आणि ज्याचं काहीच करता आलं नाही ते म्हणजे मी स्वतः बनवून तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर टाकलेलं कार्ड. वर फोटो, खाली नाव, आमच्या पेपरचा लोगो. त्यावर तारीखसुद्धा नव्हती.

आता मी फोटोचं कार्ड पाठवत नाही, लिंक पाठवतो. फोटो लिंकच्या आत असतो, मूल सापडलं की तिथून काढता येतो. लिंकमध्ये नाव नसतं. लोक कुरकुरतात की उघडावं लागतं, आणि खरंच कमी लोक उघडतात. म्हणजे शोधाचं थोडं नुकसान होतं, ते मी मान्य करतो. वडील समोर बसलेले असताना हे त्यांना सांगणं सोपं नसतं.

'सापडली' ही बातमी आम्ही चार ओळींत दिली: तालुक्यातील बेपत्ता प्रकरणाचा शोध थांबला आहे, पूर्वीचे आवाहन कोणी पुढे पाठवू नये. वय नाही, ठिकाण नाही, कलम नाही.

चार महिन्यांनी जिल्ह्याच्या गावी एका हॉटेलात चहा घेत होतो. गल्ल्यावरच्या माणसाने माझ्या डायरीवरचा लोगो पाहिला आणि मोबाइल पुढे केला. "साहेब, तुमच्याच पेपरचं आहे ना? आजच आलंय. सापडली का हो ही?"

हो म्हटलं तरी तिच्याबद्दल बोलल्यासारखं, नाही म्हटलं तर तो आणखी पाच जणांना पाठवणार.

"ते डिलीट करा," म्हटलं, "जुनं आहे."

"म्हणजे सापडली?"

मी चहाचे पैसे ठेवले.