आत्याच्या मॉर्फिनसाठी तीन दिवस

पलंग, एअर बेड, डायपर हे सगळं एका दुपारी घरी आलं. गाडं अडलं ते मॉर्फिनच्या गोळ्यांवर. कॅन्सर हाडांत गेलेला, आत्या कण्हतेय आणि आम्ही पाच मेडिकल पालथी घातली. सगळीकडे "नाही मिळणार" एवढंच उत्तर. का नाही मिळणार आणि मग कुठे मिळेल, हे एकानेही सांगितलं नाही. याचा राग अजून जात नाही.

मॉर्फिन अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे साधा मेडिकलवाला सहसा ते ठेवतच नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते एकाच परवानगीवर ठेवता येतं. म्हणून मेडिकल फिरू नका. कॅन्सर रुग्णालयाच्या वेदनाशमन ओपीडीत, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमध्ये जा. पेशंटला न्यावं लागेल का, हे आधी फोन करून विचारा. बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि पेशंटचं व तुमचं ओळखपत्र सोबत ठेवा. आम्ही रिपोर्ट विसरलो, तिसरा दिवस त्यातच गेला.

आत्याला दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम लिहून दिलं, दुखो न दुखो. दुखायची वाट पाहिली की वेदना औषधाच्या पुढे निघून जाते. दिवसाचे झाले 60. मध्येच कळ आली तर त्याचा सहावा भाग, म्हणजे 10 जादा. वहीत वेळ लिहायची. जादा गोळी दिवसात तीन-चारदा लागली तर आकडा आपण वाढवायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. तुमच्या पेशंटचा आकडा वेगळा असेल.

पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीसोबतच सुरू करा. मॉर्फिनने शौच हमखास कडक होते, आणि ते आपोआप सुधारत नाही. गुंगी आणि मळमळ मात्र बहुधा काही दिवसांत ओसरते. हाक मारूनही जाग येईना, श्वास फार मंद झाला किंवा हातपाय झटके देऊ लागले तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन. किडनी अधू असेल तर हे लवकर होतं.

गिळणं बंद होईल तेव्हा काय द्यायचं, हे आधीच विचारून ठेवा. साधी गोळी कुटून चमचाभर पाण्यात देता येते. बारा तास हळूहळू उतरणारी गोळी मात्र कधीही कुटू नका, सगळं औषध एकदम अंगात उतरतं.

शेवटच्या दिवसांत घशात घरघर होते. ऐकवत नाही, पण पेशंटला बहुधा त्याचा त्रास नसतो. कुशीवर वळवा, ओल्या कापसाने ओठ-तोंड पुसा. पाणी ओतू नका, ठसका लागतो. हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो.

आणि हो, घरी मृत्यू झाल्यावर दाखला कोण देणार, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी आधीच ठरवा. मृत्यूच्या कारणाचा नमुना 4अ तेच भरतात. उरलेल्या गोळ्या मोजून रुग्णालयात परत द्यायच्या असतात. आमच्या सव्वीस उरल्या.