आमची वाटचाल : सही करणारा माणूस अचानक जातो तेव्हा

आमचं काम मोजमापाची उपकरणं तपासून देण्याचं, म्हणजे कॅलिब्रेशनचं. सुरुवात वजनकाट्यांपासून झाली, मग थर्मामीटर आले आणि बऱ्याच वर्षांनी प्रेशर गेज. नवा विभाग उघडायचा म्हटलं की लोक यंत्रांचा खर्च विचारतात. यंत्रं मिळतात हो. अवघड असतो तो सर्टिफिकेटवर सही करू शकणारा माणूस. आमच्यासारख्या प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकावर चालतात. त्यानुसार निकाल तपासून त्याला मंजुरी द्यायचं काम प्रयोगशाळेनं ज्याला तसा अधिकार दिलाय त्यानंच करायचं. हा अधिकार कामागणिक वेगळा असतो. वजनाच्या सर्टिफिकेटवर सही करणारा माणूस कितीही हुशार असला, तरी दाबाच्या सर्टिफिकेटला त्याची सही चालत नाही.

माणसं आली, गेली. बहुतेक जण नोटीस देऊन गेले, हातातलं काम कुणाला तरी शिकवून गेले. आमचे दाब विभागप्रमुख मात्र एका दुपारी गेले आणि दुसऱ्या दिवशी येणार नव्हते. का, ते इथेही लिहिणार नाही. त्या दिवशी संध्याकाळच्या आत टीमला काय कळवलं आणि ते तसंच का कळवलं, एवढंच सांगतो. छोट्या कंपनीत हा प्रसंग येतोच आणि तेव्हा शब्द शोधत बसायला वेळ नसतो.

चिठ्ठी लिहिण्याआधी एक काम उरकलं. त्यांची सही संगणकावरच्या सर्टिफिकेटच्या साच्यात बसवलेली होती, ती काढून टाकली. माणूस गेल्यानंतरच्या तारखेच्या कागदावर त्याची सही छापली गेली, तर तो कागद खोटाच. बाकी कितीही चांगलं काम केलेलं असो, ऑडिटमध्ये त्या एका कागदाचं उत्तर देता येत नाही. मग ओटीपी कुठे कुठे त्यांच्या मोबाइलवर जातो ते शोधलं. ऑनलाइन खात्यांचे पासवर्ड बदलणं सगळ्यांना सुचतं, नोंदवलेला मोबाइल नंबर मात्र हमखास राहून जातो.

त्यानंतर दोघांना समोर बसवून सांगितलं : त्यांच्या हाताखालचा तंत्रज्ञ आणि फ्रंट डेस्कवरची सहकारी. पहिला प्रश्न एकाकडे येणार, पहिला फोन दुसरीकडे. ग्रुपमधून नाव गायब झालेलं दिसल्यावर त्यांना कळणं बरं नव्हे, म्हणून ग्रुपमधलं नावही चिठ्ठी गेल्यावरच काढलं. चिठ्ठी अशी होती, फक्त नावांच्या जागी पदं घातली आहेत :

"सर्वांना नमस्कार. आपले दाब विभागप्रमुख आजपासून आपल्याकडे काम करत नाहीत. कुणीही कंपनी सोडली तर त्यामागचं कारण आपण कुणालाच सांगत नाही, तेच इथेही लागू आहे.

दाबाचं नवं काम आजपासून घ्यायचं नाही. ज्या गेजची रीडिंग घेऊन झाली आहेत पण सर्टिफिकेट बाकी आहे, त्यांचा कागद कुणीही बाहेर पाठवू नये, मसुदासुद्धा नाही. वजन आणि तापमानाचं काम नेहमीसारखं चालू राहील, सही तांत्रिक व्यवस्थापक मॅडमचीच. दाबाच्या सर्टिफिकेटवर त्या सही करणार नाहीत, त्यांना तसा आग्रह करू नये.

डेड वेट टेस्टर आणि मास्टर गेज दाब विभागातल्या तंत्रज्ञाच्या ताब्यात राहतील. त्याच्याकडच्या बाहेरच्या भेटी पुढचे दोन आठवडे वजन विभाग करेल. विभागाच्या ईमेलवर येणारं सगळं क्वालिटी मॅनेजर बघतील. दाबाच्या ग्राहकांचे फोन माझ्याकडे द्या.

बाहेरून कुणी विचारलं तर एवढंच सांगा : 'ते आता आमच्याकडे नाहीत, तुमचं काम आता हे बघत आहेत.' त्यांच्याविषयी नोकरीच्या चौकशीचा फोन आला तर तो माझ्याकडे. त्यांच्याशी तुमची मैत्री असेल तर ती तुमची आहे, त्यात कंपनीचा संबंध नाही. कामासाठी मात्र त्यांना फोन करू नका. काही विचारावंच लागलं तर मी विचारेन.

येत्या सोमवारी दुपारी ४ वाजता पुन्हा कळवेन, नवीन काही नसलं तरी."

कारणाविषयीच्या वाक्यावर भागीदाराशी माझी बरीच चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहावं, म्हणजे विषय मिटतो. माझ्या मते मिटत नाही. 'वैयक्तिक कारण' हेसुद्धा कारणच झालं, आणि ते खरं नसेल तर आपण टीमला लेखी खोटं सांगितलेलं असतं. खरं असेल, तर लोक आजार, घरातली भांडणं, पैशाची अडचण यांतलं एक निवडून मोकळे होतात.

एकाच जाण्यापुरता गप्प राहण्याचा नियमही चालत नाही. चांगल्या नोकरीसाठी गेलेल्याचं कारण आपण आनंदानं सांगायचं आणि दुसऱ्याच्या वेळी तोंड मिटायचं, तर तो मिटलेला ओठच सगळं सांगून जातो. म्हणून आमच्याकडे पदोन्नतीसाठी गेलेल्याच्या चिठ्ठीतही कारण नसतं. त्याला स्वतःला सांगायचं असेल तर तो सांगतो, हवं तर निरोपाच्या कार्यक्रमात सांगतो. कौतुकाचंही तसंच. एकाला 'अमूल्य योगदान' आणि दुसऱ्याला नुसतं नाव, हा फरक लोक फार बारकाईनं वाचतात. त्यापेक्षा चिठ्ठी कोरडी ठेवायची आणि कौतुक त्या माणसाला तोंडावर करायचं.

यात मालकाची खरी अडचण वेगळीच असते. कारण सांगायची सगळ्यात मोठी इच्छा त्यालाच असते, विशेषतः त्या कारणात त्याची बाजू बरी दिसत असेल तर. जेवणाच्या सुट्टीत कुणी हळूच विचारतं, 'सर, काढलं का त्यांना?' तेव्हा 'छे छे' म्हणणं सोपं जातं. पण पुढच्या वेळी खरंच काढलेलं असलं आणि आपण 'छे छे' म्हटलं नाही, तर? त्यामुळे दोन्ही वेळी उत्तर एकच : 'ते मी सांगणार नाही. तुझं काम कुठे अडतंय ते सांग.' 'आणखी कुणी जाणार आहे का?' या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावंच लागतं, कारण तो विचारणाऱ्याच्या स्वतःच्या पोटाचा प्रश्न आहे. माझ्याकडे तेव्हा दुसरा कुणाचा राजीनामा नव्हता, आणि मी तेवढंच सांगितलं. 'कुणी जाणार नाही' असं म्हटलं नाही, ते माझ्या हातात नाही.

आता कामाकडे. 'सगळे मिळून सांभाळून घेऊ' हे वाक्य चिठ्ठीत मुद्दाम नाही. त्याचा अर्थ व्यवहारात कुणीच बघणार नाही असा होतो. गेलेल्या माणसाची जागा एकाला देऊन टाकणंही बरोबर नाही, कारण जागा एक असली तरी कामं चार होती : मोजणं, सही, ग्राहकाशी बोलणं, यंत्रांची राखण. ती वेगवेगळ्या लोकांत वाटली. तंत्रज्ञावर नवा भार आला तेव्हा त्याच्याकडचं काय काढून घेतलं, तेही त्याच चिठ्ठीत लिहिलं. नाहीतर तो बिचारा दोन्ही ओढत राहतो आणि तिसऱ्या आठवड्यात तोही गैरहजर. चौथं काम, सही, कुणालाच देता येत नव्हतं. तिथे 'थांबवलं आहे' हेच प्रामाणिक उत्तर होतं.

थांबवलं म्हणजे ग्राहक थांबतात असं नाही. ज्यांचे गेज आमच्याकडे पडून होते, त्यांना मी एकेकाला फोन केला आणि दोन पर्याय दिले : गेज परत न्या, किंवा तुमची संमती असेल तर आम्ही ते दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून आणतो. ही संमती शिष्टाचार म्हणून घेत नाहीत. काम बाहेरून करून घेणार असू तर ग्राहकाला आधी सांगून मान्यता घ्यायची, असं मानकातच आहे. मान्यता देणाऱ्या संस्थेलाही महत्त्वाचा माणूस बदलल्याचं कळवायचं असतं. ते पत्र क्वालिटी मॅनेजरनी लगेच पाठवलं, त्यातही कारण नव्हतं.

एका ग्राहकानं फोनवर नेमका प्रश्न विचारला : 'त्यांनी आधी सही केलेली सर्टिफिकेटं आता चालतील ना?' चालतात. सही केली त्या दिवशी त्यांना अधिकार होता, नंतर नोकरी सुटल्यानं तो मागच्या तारखेनं जात नाही. हे उत्तर मी लगेच लिहून फ्रंट डेस्कला दिलं, कारण हा प्रश्न पुन्हा येणार होता.

गुप्ततेची मर्यादाही इथेच आहे. माणसाच्या जाण्याचं कारण त्याच्या कामातल्या दोषाशी जोडलेलं असेल आणि दिलेल्या निकालावरच शंका असेल, तर गप्प बसता येत नाही. कुठली सर्टिफिकेटं, कुठल्या काळातली, निकालावर काय परिणाम, हे तपासावं लागतं आणि गरज पडेल तिथे ग्राहकाला कळवून काम परत मागवावं लागतं. तेव्हासुद्धा पत्र सर्टिफिकेटच्या क्रमांकाविषयी असतं : 'या निकालाची फेरतपासणी करत आहोत.' कुणामुळे, ते त्यात लिहायचं नाही. आमच्या प्रकरणात तशी शंका नव्हती. असती तर सोमवारची चिठ्ठी लांबली असती आणि तिच्यात कामाविषयी पुष्कळ काही असतं.

टीमला आणखी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली. तुमच्यापैकी कुणी काही पाहिलं असेल, ऐकलं असेल आणि ते मला सांगायचं असेल, तर दार बंद करून सांगा, ग्रुपवर नको. दोघं आले. ते काय बोलले, तो त्यांचा विषय.

तंत्रज्ञाला सहीचा अधिकार द्यायचा तर त्याची परीक्षा घेणार कोण? दाब जाणणारं आमच्यात कुणी उरलंच नव्हतं. बाहेरचे एक तज्ज्ञ बोलावले. त्यांनी त्याला आधी बाहेर तपासून आणलेले गेज मोजायला दिले, त्याचा आकडा सर्टिफिकेटवरच्या आकड्याशी अनिश्चिततेच्या, म्हणजे मोजलेला आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याच्या, हिशेबात जुळतो का ते पाहिलं. अनिश्चिततेचं गणित त्याच्याकडून कागदावर करवून घेतलं. मग एक मुद्दाम चूक घातलेलं सर्टिफिकेट पुढे ठेवलं, ती चूक त्याला सापडते का बघायला. सापडली, पण दुसऱ्या वाचनात. तज्ज्ञांनी तेही अहवालात लिहिलं आणि सुरुवातीच्या काही सर्टिफिकेटांची दुसऱ्याकडून पडताळणी करायला सांगितली.

सोमवारी ४ वाजता कळवायचं ठरलं होतं, त्या प्रत्येक सोमवारी कळवलं. एका सोमवारी तर 'मागच्या आठवड्यात होतं तेच' एवढीच ओळ होती. शेवटच्या चिठ्ठीत तीन वाक्यं : दाबाच्या सर्टिफिकेटवर आजपासून आपला तंत्रज्ञ सही करेल, नवं काम घ्यायला हरकत नाही, आणि बाहेरच्या भेटी वजन विभागाकडून परत त्याच्याकडे येणार नाहीत, त्यासाठी नवीन माणूस घेत आहोत.