केळी पॅकहाऊसच्या वेबसाइटचं काम सुरू करताना पाठवलेला पहिला मेल

रावेरजवळच्या एका केळी पॅकहाऊसची वेबसाइट नव्यानं करायची होती. दर ठरला, आगाऊ रक्कम आली, आणि पहिला मेल लिहायची वेळ आली. असा मेल बरेच जण "आम्ही काय काय करणार" इथून सुरू करतात. मी "तुमच्याकडून काय हवं" इथून सुरू करतो. मालक मेल मोबाइलवर, बॉक्स भरले जात असताना उघडतात. पहिल्या पाच ओळींत जे असेल तेच वाचलं जातं. आमच्या बाजूचं काम आमच्या हातात असतं. अडतं ते त्यांच्याकडच्या वस्तूंवर.

विषयाची ओळ अशी होती: "वेबसाइट काम सुरू: १० ऑगस्टपर्यंत ४ गोष्टी हव्यात". आणि सुरुवात अशी:

"नमस्कार भाऊ, काम सुरू करण्यासाठी या चार गोष्टी लागतील. १) डोमेनच्या खात्यात प्रवेश. २) लोगोची मूळ फाइल. ३) निर्यातीच्या नोंदणीपत्रांच्या प्रती. ४) पॅकहाऊस आणि मालाचे फोटो. पहिली गोष्ट सर्वांत आधी, कारण तिलाच सर्वांत जास्त वेळ लागतो."

डोमेन पहिलं का, ते सांगतो. जुनी वेबसाइट ज्यानं केली, त्यानं डोमेन बहुधा स्वतःच्याच खात्यातून घेतलेलं असतं. मालक दरवर्षी पैसे भरतात, त्यामुळे डोमेन आपल्याच नावावर आहे असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात लॉगिन करायला गेलं की ओटीपी त्या माणसाच्या मोबाइलवर जातो. म्हणून मेल लिहिण्याआधी मी lookup.icann.org वर डोमेन टाकून पाहतो. मालकाचं नाव हल्ली बहुतेकदा झाकलेलं असतं, पण डोमेन कोणत्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते हे तिथं दिसतं. या दोन्ही गोष्टी मेलमध्ये लिहून टाकतो. मग "डोमेन कोणाकडे आहे?" असा मोघम प्रश्न उरत नाही. "या कंपनीतल्या खात्याचं लॉगिन कोणाकडे आहे?" एवढंच विचारायचं राहतं.

जुना माणूस सहकार्य करत असेल तर त्याच कंपनीत मालकाच्या नावानं खातं उघडून डोमेन तिथं हलवून घेणं सोपं पडतं. दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं तर आधी लॉक काढावं लागतं, ट्रान्सफरचा कोड मागावा लागतो आणि त्यात काही दिवस जातात. .com डोमेन नवीन घेतल्यापासून किंवा आधी हलवल्यापासून ६० दिवसांच्या आत सहसा दुसरीकडे नेता येत नाही, हेही तारखा ठरवताना पाहावं लागतं. पासवर्ड मात्र मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नये. खात्यात आमचा मेल पत्ता जोडून द्या, किंवा वेळ ठरवून तुम्हीच लॉगिन करा आणि बदल आम्ही सांगतो तसे करा, असं मी लिहितो.

इथंच आणखी एक धोका आहे. वेबसाइट आणि कंपनीचे मेल एकाच डोमेनवर चालतात, पण त्यांच्या नोंदी वेगळ्या असतात: साइटची A आणि मेलची MX. नवीन होस्टिंगसाठी कोणी नेमसर्व्हरच बदलले आणि MX नोंदी तिकडे उतरवल्या नाहीत, तर साइट छान उघडते आणि मेल येणं बंद होतं. आखातातल्या खरेदीदाराची चौकशी येत नाही, आणि हे कळायला कधीकधी आठवडा लागतो. म्हणून बदलाआधी हे चालवून आलेलं उत्तर जपून ठेवतो:

```
nslookup -type=mx example.com
```

मेलमध्ये याचं एकच वाक्य जातं: "तुमचे सध्याचे मेल पत्ते आहेत तसेच चालू राहतील, आम्ही फक्त साइटची नोंद बदलणार आहोत." ही एक ओळ व्याप्ती ठरवते आणि मालकाची धास्तीही घालवते.

लोगो मागताना "लोगो पाठवा" एवढंच लिहिलं तर व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीचा फोटो येतो. केळीवाल्यांकडे मूळ फाइल नसली तरी त्यांच्या बॉक्स छापणाऱ्याकडे ती असते, कोरलड्रॉमध्ये. म्हणून मी लिहितो: "बॉक्स जिथं छापता तिथून सीडीआर फाइल मागा, अक्षरं कर्व्हमध्ये बदलून द्यायला सांगा, सोबत पीडीएफही घ्या." कर्व्ह केले नाहीत आणि मराठी नाव जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असेल, तर आमच्याकडे ते भलत्याच इंग्रजी अक्षरांत उघडतं. माहितीपत्रकाच्या मजकुराचंही तसंच होतं, म्हणून तो युनिकोडमध्येच मागतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून. एरवी ते आकसतात आणि पहिल्या पानाच्या रुंदीला पुरत नाहीत.

नोंदणीपत्रांच्या प्रती मागायच्या, नुसते आकडे नाहीत. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, एफएसएसएआयचा १४ अंकी. फोनवर सांगताना एखादा अंक हमखास गळतो. शिवाय पत्रावरचं फर्मचं नाव आणि बोर्डावरचं नाव वेगळं निघालं, तर साइटवर कोणतं घालायचं हे सुरुवातीलाच विचारता येतं.

व्याप्ती मी थोडक्यात लिहितो, पण आकड्यांत: ८ पानं, इंग्रजी आणि मराठी, एक चौकशी फॉर्म, दोन फेऱ्या दुरुस्त्या. लगेच खाली काय नाही ते: फोटोग्राफी, ऑनलाइन विक्री, रोजचा भाव टाकण्याची सोय, अरबी भाषांतर. रोजच्या भावाची मागणी केळीच्या धंद्यात मध्येच निघतेच, म्हणून ती नाव घेऊन बाहेर ठेवलेली बरी. हवी असेल तर वेगळा दर, वेगळी तारीख.

तारखा अशा दिल्या: साहित्य १० ऑगस्ट, डिझाइन २४ ऑगस्ट, तुमचं मत ३१ ऑगस्ट, पूर्ण साइट १४ सप्टेंबर, सुरू २१ सप्टेंबर. खाली अट: "साहित्य किंवा मत जितके दिवस उशिरा येईल, तितके दिवस पुढच्या सर्व तारखा सरकतील." काही जण "पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर मान्य समजू" असं लिहितात. मी लिहित नाही. घड कापणीचा जोर असताना किंवा आखाजी-पोळ्याच्या दिवसांत मालकाचं उत्तर येत नाही ते संमती म्हणून नव्हे. गृहीत धरून पुढं गेलेलं काम नंतर उलटतं. तारीख सरकवणं दोघांनाही परवडतं.

संपर्काच्या भागात दोन नावं त्यांच्याकडून घेतो. घरचा धंदा असला की फोटो मुलगा पाठवतो, रंग धाकटे भाऊ सुचवतात आणि शेवटी दादा म्हणतात की हे कोणी ठरवलं. त्यामुळे मेलमध्ये स्पष्ट असतं: साहित्य कोण पाठवणार, आणि अंतिम मान्यता कोण देणार. मान्यता एकाच माणसाची, आणि मेलवर. आमच्या बाजूनंही एकच नाव, फोनची वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ६.

मेल गेल्यावर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवतो: "भाऊ, मेल केला आहे. वाचून त्यालाच 'मान्य' असं उत्तर द्या, आणि डोमेनचं लॉगिन कोणाकडे आहे तेवढं आजच सांगा." चार गोष्टींपैकी बाकीच्या तीन आल्या आणि डोमेन अडलं, तरी डिझाइन सुरू करता येतं, साइट तात्पुरत्या पत्त्यावर दाखवता येते. फक्त २१ सप्टेंबरची तारीख तेव्हा पक्की म्हणू नये, आणि तसं त्याच मेलच्या उत्तरात लिहून कळवावं.