काचेच्या बरण्या, कागदी वेष्टन आणि फुटीचा हिशेब

अमळनेरला आमच्या घरी कैरीचे लोणचे आणि शेंगदाण्याची चटणी तयार होते आणि काचेच्या बरण्यांतून पुणे, मुंबई, नाशिकला कुरियरने जाते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक बरणी बबल रॅपमध्ये गुंडाळून तीन प्लायच्या मोठ्या खोक्यात ठेवायची आणि उरलेल्या जागेत हवेच्या प्लास्टिक पिशव्या कोंबायच्या, अशी आमची पद्धत होती. तो प्लास्टिकचा ढीग गिऱ्हाइकाच्या घरी फक्त कचरा म्हणून पोहोचतो, हे मला सतत खटकत असे. पण फुटतूट वाढली तर लोणच्यावर मिळणारा थोडासा नफाही हातचा जाईल, या भीतीने मी बदल लांबणीवर टाकत राहिले.

पहिला प्रयत्न रद्दीचा केला आणि तो फसला. चुरगळलेला कागद घरी खोक्यात गच्च वाटला, परंतु वाहनाच्या हादऱ्यांनी तो बसत गेला. बरण्या खाली सरकून खोक्याच्या भिंतीला टेकल्या आणि पोहोचेपर्यंत वर चार बोटे पोकळी तयार झाली. शिवाय शाई लेबलांना लागली. त्यानंतर सासूबाईंनी केळीची वाळलेली पाने सुचवली. आपल्या भागात ती मुबलक आणि फुकट मिळतात, म्हणून मलाही आशा वाटली. मात्र वरून कोरडी दिसणारी पानेही बंद खोक्यात ओल सोडतात आणि त्यांत किडे लपलेले असतात, हे पावसाळ्यातल्या पहिल्याच पार्सलांनी दाखवले. खाद्यपदार्थाच्या खोक्यात बुरशीचा वास येणे परवडणारे नव्हते, त्यामुळे तो विषय मी तिथेच सोडला.

खरा फरक पडला तो बरणी नेमकी कुठे आणि का फुटते हे पाहिल्यावर. त्यासाठी मी घरीच चाचणी घेतली. पार्सल उंचावरून टाकून पाहण्याची एक रूढ पद्धत आहे, तिच्यात हलके पार्सल सुमारे ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात: एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर एकेकदा आणि मग सहाही बाजूंवर. आमचा स्वयंपाकघराचा ओटा साधारण तेवढ्याच उंचीचा आहे. लोणच्याऐवजी बरण्यांत हळद घातलेले पाणी भरले, म्हणजे झाकणातून थेंब जरी आला तरी कागदावर पिवळा डाग पडेल. टाकण्याआधी तयार खोकी ओळखीच्या टेम्पोतून चोपड्याला आणि परत अशी फिरवून आणली, कारण हादऱ्यांनी वेष्टन सैल झाल्यानंतरचा आपट हाच प्रवासातला खरा आपट असतो.

या चाचणीत आमचे जुने बबल रॅपही पूर्ण उत्तीर्ण झाले नाही, ही माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट ठरली. बरणीच्या अंगाभोवती दोन वेढे असत. परंतु बुडाखाली एकच पातळ थर होता, म्हणून खालच्या कडेवर आपटताच बुडाची किनार तडकली. दुसऱ्या एका खोक्यात दोन बरण्या एकमेकींवर आदळल्या. म्हणजे अडचण वेष्टनाच्या जातीपेक्षा जागेची होती: बूड, झाकण आणि दोन बरण्यांमधली फट या तीन ठिकाणी आधार नव्हता आणि मोठ्या खोक्यामुळे बरण्यांना हलायला वाव होता.

त्यानंतर मी कॉरुगेटेड रोल आणला, जो काचसामानाच्या दुकानांत नेहमी दिसतो: एका बाजूला सपाट कागद आणि दुसऱ्या बाजूला लाटांसारख्या चुण्या. तो किलोवर मिळतो. चुण्या बरणीच्या उंचीला समांतर ठेवून आणि आतल्या बाजूला घेऊन तीन वेढे दिले, की कागद सहज वळतो आणि सगळीकडून सुमारे एक सेंटिमीटरची गादी तयार होते. बुडाखाली आणि झाकणावर अडीच-अडीच सेंटिमीटरच्या गाद्या याच कागदाच्या करतो. येथे एक चूक आम्ही बरेच दिवस केली. चुण्यांवर चुण्या येतील अशी घडी घातली, तर त्या एकमेकींत बसतात आणि जाडी निम्मी होते, म्हणून घडी न घालता गुंडाळी करावी लागते. तसेच एकदा दबलेली चुणी पुन्हा उभी राहत नाही. त्यामुळे अंगठ्याने दाबल्यावर न उसळणारा तुकडा आम्ही बाजूला टाकतो. दोन बरण्यांमध्ये जाड पुठ्ठ्याचे पार्टिशन आणि बाहेर पाच प्लायचे, अंगाला बसणारे खोके, एवढेच नवे सामान लागले. बंद केलेले खोके कानाजवळ धरून हलवावे. आत काहीही सरकल्याचे जाणवले तर ते उघडून पुन्हा बांधायचे, हा नियम आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंनी स्वतःच घालून घेतला आहे.

खर्चाचे गणित मला आधी उलटे वाटले होते. जुन्या पद्धतीत एका पार्सलाचे सामान ३४ रुपयांना पडे, नव्यात ४५ रुपयांना. पण आमचा कुरियर लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५००० ने भागतो आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरले तर त्यावर पैसे लावतो. जुने खोके ३० गुणिले २२ गुणिले २० होते, म्हणजे २.६४ किलो, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांमुळे आकारणी ३ किलोची होई. नवे खोके २६ गुणिले १५ गुणिले १९ आहे, म्हणजे साधारण दीड किलो; खरे वजन थोडे कमी दोन किलो भरते, म्हणून आकारणी २ किलोची होते. आमच्या दरांनुसार त्यातून पार्सलामागे ३८ रुपये वाचले, म्हणजे कागदाचा जादा खर्च खोक्याच्या आकाराने भरून काढला. ज्यांचे पार्सल आधीच घट्ट बांधलेले आहे, त्यांना ही बचत मिळणार नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

पहिली ४० पार्सले एकही तक्रार न येता पोहोचली, तेव्हा मी निर्धास्त झाले होते. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका शेजारच्या काकांनी मला थांबवले. शून्य फूट दिसली, तरी खरे प्रमाण तीन भागिले पार्सलांची संख्या इतके असू शकते, असे त्यांनी समजावले. म्हणजे ४० पार्सलांवरून मी इतकेच म्हणू शकत होते, की फूट साडेसात टक्क्यांहून बहुधा कमी आहे. पूर्वी ४०० पार्सलांमागे १३ खराब निघत, म्हणजे सव्वातीन टक्के. त्यामुळे ४० पार्सलांनी काहीच सिद्ध होत नव्हते. आम्ही नोंद चालू ठेवली आणि ३५० पार्सलांनंतर ६ तक्रारी निघाल्या. फूट कमी झाली असा दावा मी अजून करत नाही; वाढलेली दिसत नाही, एवढे मात्र वहीच्या आधारे सांगू शकते.

त्या सहांपैकी चार तक्रारी फुटीच्या नसून तेल पाझरल्याच्या होत्या. बबल रॅपमध्ये थोडे तेल आतच अडकून राहत असे, कागद मात्र ते शोषतो आणि तेल लागलेला पुठ्ठा मऊ पडतो. आता झाकण घट्ट केल्यावर बरणी रात्रभर उलटी ठेवतो, सकाळी कोरडी असेल तरच बटर पेपरची टोपी बांधून ती वेष्टनाला देतो. प्लास्टिकच्या चिकटपट्टीऐवजी पाण्याने भिजवायची कागदी पट्टी वापरतो. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या उन्हात तिचा गोंद लावेपर्यंतच वाळू लागतो, म्हणून त्या दिवसांत एका वेळी एकच तुकडा भिजवतो आणि हाताने दाबून धरतो.

पावसाळ्यात मुंबई आणि कोकणाकडे जाणाऱ्या खोक्यांवर आम्ही आजही एक पातळ प्लास्टिक पिशवी चढवतो. भिजलेल्या पुठ्ठ्याची ताकद इतकी घटते, की आतली गादी कितीही चांगली असली तरी वरच्या वजनाखाली खोके दबते, आणि परवडणारा दुसरा उपाय मला अद्याप मिळालेला नाही.