ऑइल कूलर, नोंद ४: हिशेबातले नव्वद वॅट कुठे गेले

मागच्या नोंदीत कूलर जोडून झाला होता. या वेळी पहिली खरी चाचणी घेतली, आणि कागदावर ४७७ वॅट काढणाऱ्या कूलरने प्रत्यक्षात ३७० च्या आसपासच काढले. दोन रविवार मी गळती, हवेचे बुडबुडे आणि मीटरची चूक शोधत होतो. चूक माझ्या गणितातच होती.

रचना आधी सांगतो. आत १० मिमी आतील व्यासाची, २ मीटर लांब, सरळ तांब्याची नळी, तिच्यातून तेल. तिच्याभोवती दुसरी नळी, मधल्या फटीतून पाणी. तेल व्हीजी ४६ हायड्रॉलिक, मिनिटाला ६ लिटर, नळीतले सरासरी तापमान ६० अंश. पाणीही मिनिटाला ६ लिटर, सरासरी २५ अंश. टाकीला इन्सुलेशन आणि आत हीटर.

उष्णता मोजायला तेलाचे आत येतानाचे आणि बाहेर पडतानाचे तापमान वापरण्याचा मोह झाला होता. पण तेल या नळीत जेमतेम दोन अंश उतरते, आणि माझ्या दोन थर्मामीटरांतच अर्ध्या अंशाचा फरक आहे. म्हणून दुसरा मार्ग घेतला. आधी पाणी बंद ठेवून, फट कोरडी करून, पंप चालू ठेवला आणि तेल ६० वर स्थिर राहायला हीटरला किती वॅट लागतात ते पाहिले: ११०. मग पाणी सोडून तेच केले: ४८२. फरक ३७२ वॅट, तो कूलरचा. टाकीतून झिरपणारी उष्णता आणि पंपाने तेलात घातलेली उष्णता दोन्ही वेळा जवळपास सारखीच, त्यामुळे वजाबाकीत निघून जाते. मोजमापात १५ वॅट इकडे-तिकडे धरा.

आता गणित. ६० अंशांना या तेलाची व्हिस्कॉसिटी सुमारे २०.६ सेंटिस्टोक, म्हणजे १७.५ मिलिपास्कल-सेकंद. नळीत वेग १.२७ मीटर प्रतिसेकंद, रेनॉल्ड्स अंक ६२० च्या आत, म्हणजे प्रवाह निवांत लॅमिनार. प्रांटल अंक २७०. इतक्या मोठ्या प्रांटलला तापमानाची घडी पूर्ण बसायला ८० मीटरहून जास्त नळी लागेल. माझी २ मीटर. त्यामुळे ठरावीक ३.६६ हा नसेल्ट अंक इथे चालत नाही, लांबी धरणारे सूत्र लागते. १९३६ सालचे सीडर-टेट यांचे हे ते सूत्र:

```
Nu = 1.86 (Re Pr D/L)^(1/3) (mu_b/mu_w)^0.14
```

पहिल्या हिशेबात शेवटचा कंस मी सरळ १ धरला. ‘०.१४ घात म्हणजे किती फरक पडणार’ असे मनात होते. उरलेल्या भागातून नसेल्ट १७.५ आणि तेलाच्या बाजूचा गुणांक २२७ वॅट प्रति चौरस मीटर-अंश. पाण्याच्या बाजूला हात आखडता घेऊन ५००० धरले. नळीचे आतील क्षेत्रफळ ०.०६२८ चौरस मीटर, तापमानातला फरक ३५ अंश. उत्तर ४७७ वॅट.

कंस १ धरण्याचा अर्थ असा की भिंतीला चिकटलेले तेलही मधल्या तेलाइतकेच पातळ आहे. ते तसे नसते. भिंतीचे तापमान शोधायला दोन्ही बाजूंची उष्णता सारखी मांडायची. पातळ तांब्याचा अडथळा सोडून दिला तरी चालतो:

```
Tw = (h_oil*Tb + h_water*Tc) / (h_oil + h_water)
   = (227*60 + 5000*25) / 5227 = 26.5
```

भिंत जवळपास पाण्याच्याच तापमानाला आहे! साडेसव्वीस अंशांना हेच तेल सुमारे ९१ सेंटिस्टोक, म्हणजे ८० मिलिपास्कल-सेकंद. मधल्या तेलाच्या साडेचार पट घट्ट. गुणोत्तर ०.२१९, त्याचा ०.१४ वा घात ०.८१. गुणांक २२७ वरून १८३ वर आला. नवा गुणांक घालून भिंत पुन्हा काढली तर २६.२, आणि दुरुस्ती ०.८१ च राहते. दुसऱ्या फेरीतच हिशेब थांबला. एकूण उष्णता ३८८ वॅट. मोजलेले ३७२.

जुळले म्हणून मी फार खूश झालो नाही. अशा सूत्रांत वीस टक्के चूक नेहमीची, आणि पाण्याच्या बाजूला क्षार साठले असते तरी आकडा असाच खाली आला असता. दोन्हींत फरक करायचा तर दाब पाहायचा. क्षार पाण्याच्या बाजूला असतील तर भिंत उलट गरम राहील आणि तेलाच्या दाबात वाढ कमी दिसेल. भिंतीजवळ तेलच घट्ट झाले असेल तर दाबही चांगला वाढायला हवा; लॅमिनार प्रवाहात घर्षण साधारण भिंतीजवळची भागिले मधली अशा व्हिस्कॉसिटीच्या गुणोत्तराच्या ०.२५ घाताने वाढते. पाणी बंद असताना गणित ०.१४ बार सांगते, गेजवरही ०.१४ होते. पाणी चालू केल्यावर अपेक्षित ०.२१, गेजवर ०.२०. घट्ट थर खराच आहे. पंपाला त्याने एखादा वॅटसुद्धा जास्त लागत नाही, त्यामुळे वरची वजाबाकी शाबूत राहते.

एक सावधगिरी, कारण मी स्वतः एकदा फसलो. गुणोत्तर उलटे लिहिले तर गुणांक २८० च्या वर जातो आणि कूलर फारच गुणी दिसू लागतो. वर मधल्या तेलाची, खाली भिंतीजवळची. तेल थंड करताना उत्तर १ पेक्षा कमीच यायला हवे, तापवताना जास्त.

याच कारणाने थंड पाण्याचा हव्यासही फारसा फळत नाही. पाणी १० अंशांचे केले तर तापमानातला फरक ३५ चा ५० होतो, म्हणजे ४३ टक्के वाढ. पण भिंत १२ अंशांच्या खाली जाते, तिथले तेल २०० मिलिपास्कल-सेकंदांच्या घरात, दुरुस्ती ०.७१. उष्णता ४९० वॅटच, म्हणजे फक्त २६ टक्के जास्त. मधले गरम तेल त्या घट्ट थराच्या बोगद्यातून तसेच निघून जाते.

हवेच्या झोतात थंड होणाऱ्या, फिन नसलेल्या साध्या नळीत हे दुखणे जवळपास नाही. बाहेरचा गुणांक ६० आणि हवा ३० अंश धरली तर भिंत ५४ च्या जवळ राहते आणि दुरुस्ती फक्त तीन टक्क्यांची. तिथे अडथळा हवेचा आहे, तेल बिचारे निर्दोष. म्हणून कंस सोडायचा की नाही हे तेल किती घट्ट यावरून ठरवू नका, भिंतीचे तापमान काढूनच ठरवा.

पुढच्या चाचणीसाठी नळीत पिळलेली पितळी पट्टी सरकवली आहे. तिने थर मोडला तर वरचे सूत्र लागू राहणार नाही, त्यामुळे अंदाज न मांडता थेट हीटरचा आकडा घेऊन येतो. दाब किती चढतो तेही लिहीन. गेजचा काटा ०.६ बारपर्यंतच जातो, आणि पट्टी घातल्यावर तो पुरेल का याची धाकधूक आहे.